आठशे चाळीस फॉलोअर्स आणि दोन चौकशा

जेसल पार्कमधल्या तळमजल्याच्या खोलीत मी आणि माझ्या धाकट्या नणंदेने आठवी ते दहावीचे क्लासेस काढले, तेव्हा शिकवायचं मी आणि मार्केटिंग तिने, अशी वाटणी झाली. पहिल्या महिन्याचं टार्गेट तिने फळ्यावर लिहिलं : इन्स्टाग्रामवर हजार फॉलोअर्स. फळा तसाही रिकामाच होता.

महिनाअखेर आठशे चाळीस झाले. आम्ही पेढे आणले आणि आम्हीच खाल्ले, कारण वर्गात दोनच मुली होत्या आणि त्यातली एक माझी.

पेढा खात मी फॉलोअर्सची यादी बघत बसले. रत्नागिरीकडचे झाडून सगळे नातेवाईक, केक करणाऱ्या चार बायका, केबिन रोडवरचं एक साड्यांचं दुकान आणि आसपासचे सहा क्लासेस. तेही बहुधा आमच्यासारखेच हजारच्या मागे होते.

"यातल्या किती जणांच्या घरी दहावीचं मूल आहे?" मी विचारलं.

तिने विचार केला. "एक आहेत. पण ते चिपळूणला राहतात."

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. जवळच्याच इंद्रलोक वसाहतीत राहणाऱ्या, मुलगी नववीत.

"ॲडमिशन चालू है?"

मी त्यांना बसवलं. नणंदेने मोठ्या आशेने विचारलं, "इन्स्टाग्रामपे देखा ना आपने?"

"नहीं, गेटपे बोर्ड देखा. इन्स्टा तो मैं रेसिपी के लिए रखती हूँ."

त्या महिन्यातली ही दुसरी चौकशी. त्या गेल्यावर मी आमचं पेज नीट पाहिलं. यशाबद्दल अकरा सुविचार होते. फोन नंबर मात्र कुठेच नव्हता.

मी फळा पुसला. "आता टार्गेट चौकशांचं."

"मग पन्नास लिहू, वहिनी?"

"पन्नास जणांना फोन करून डेमो लेक्चर कोण देणार? दोन आल्यात, तर आठ लिही. तिनांतली एक जरी टिकली तरी दोन-तीन मुलं होतील."

आठ हा आकडा तिला अपमानास्पद वाटला, पण लिहिला. मी एक वही केली : इयत्ता, क्लासबद्दल कुठून कळलं, परत फोन कधी करायचा. नणंदेने सुविचार थांबवून नंबरासकट साधी जाहिरात सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवली आणि शाळा सुटताना गेटपाशी उभी राहून पालकांशी बोलली. पहिल्या दिवशी लाजली. चौथ्या दिवशी मला तिला घरी बोलवावं लागलं.

महिन्यात सहा चौकशा आल्या, दोन मुलं आली. चार ग्रुपवरून, एक गेटपाशी भेटलेल्या आई, एक बोर्ड वाचून. आठ झाल्या नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यालाही आठच ठेवल्या. ती कुरकुरली नाही. तिचं दुःख वेगळंच होतं.

"चौदा जणांनी अनफॉलो केलं, वहिनी," ती म्हणाली. "त्यात साड्यांचं दुकानही गेलं."

मी सांत्वन केलं आणि तिला दोन पालकांचे नंबर दिले. फोन त्याच दिवशी करायचे होते.