बारा चित्रांचा एक सेकंद

माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याच्याही आधी येतो, हे आमच्या शाळेत पाचवीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. वाडीच्या बाजूला, अमरावती रोडला लागून आमची शाळा. बाहेर ट्रकचे हॉर्न आणि आत मी, यांत वर्गात जास्त कोणाचं ऐकू येतं यावर सहकारी अधूनमधून चर्चा करतात. मी चित्रकला शिकवतो. वीस वर्षं शिकवतोय, म्हणजे वीस वर्षं ‘खुणा पुसल्याशिवाय वही दाखवायची नाही’ हे वाक्य ओरडतोय.

यंदा दिवाळीनंतर मुख्याध्यापिका मॅडमनी मला बोलावून चहा दिला, तेव्हाच मी समजलो की काहीतरी जाणार आहे. नववीचे चित्रकलेचे दोन तास गणिताच्या सरांनी मागितले होते. पुढच्या वर्षी दहावी, पोरांचा पाया कच्चा, वगैरे वगैरे. मॅडम वाईट नाहीत, त्यांनाही निकालाचा धाक असतो. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच तोडगा काढला. शाळेला भेट मिळालेल्या आठ टॅबवर मला ॲनिमेशनची कार्यशाळा घ्यायचीच होती ना, मग घ्या. शनिवारच्या पालकसभेत पोरांचं काम दाखवा. पालकांना दम वाटला तर तास तुमचे, नाहीतर गणिताचे. आणि आधी टाचण लिहून द्या, मी सही करते.

टाचण म्हणजे पाठाचा आराखडा. उद्दिष्टं, साधनं, कृती, मूल्यमापन असे रकाने आखून शिक्षकाने आधी लिहायचा आणि मगच वर्गात पाय ठेवायचा. एरवी मी चार ओळींत उरकतो. या वेळी अकरा पानं लिहिली. बायको म्हणाली, आपल्या लग्नाची यादीसुद्धा एवढी नव्हती.

ॲप फुकटचं होतं आणि मी ते सुट्टीत घरीच शिकलो होतो. गोष्ट सोपी आहे. एक चित्र काढायचं, पुढच्या फ्रेमवर जायचं, तेच चित्र किंचित सरकवून काढायचं. मागचं चित्र खाली फिकट दिसत राहतं, म्हणजे किती सरकवायचं ते कळतं. अशी बारा चित्रं पळवली की एक सेकंद होतो. माझा पहिला चेंडू बायकोला दाखवला तर तिने विचारलं, हा चेंडू आहे की आलुबोंडा? मी तो हवेतच चपटा केला होता. चेंडू जमिनीला आपटतो त्या एकाच चित्रात चपटा हवा, हे मला त्या आलुबोंड्याने शिकवलं. दुसरी गोष्ट अंतराची. वर गेलेला चेंडू क्षणभर रेंगाळतो, म्हणून तिथली चित्रं जवळजवळ काढायची, आणि खाली येताना तो सुसाट येतो, म्हणून तिथली लांबलांब. हे मी टाचणात लाल शाईने लिहिलं. टॅब विमान मोडवर ठेवायचे, म्हणजे मधेच जाहिराती येणार नाहीत, हेही लिहिलं. मॅडमनी सही केली आणि माझी छाती फुगली.

गुरुवारी जोडतास होता. बत्तीस पोरं, आठ टॅब, एका टॅबवर चौघं. सुरुवातीला रफ वहीच्या कोपऱ्यात ठिपका काढून पानं फडफडवली, ठिपका उडाला, वर्ग खूश. मग चौघांनी मिळून एक उडता चेंडू करायचा असं सांगून मी टॅब वाटले आणि फळ्यावर अंतराची आकृती काढत बसलो. मागे एवढी शांतता होती की मला वाटलं, कार्यशाळा जिंकली.

अर्ध्या तासाने वळून फिरायला लागलो. पहिल्या टॅबवर एक चेंडू. त्याला डावीकडून उजेड, उजवीकडे छटा, खाली पडछाया. भोवती समास. तो समास पोरांनी टॅबच्या काचेवर चक्क फूटपट्टी ठेवून आखला होता. खाली उजव्या कोपऱ्यात नाव, इयत्ता, तुकडी. फ्रेम एक. दुसऱ्या टॅबवर तेच, तिसऱ्यावर तेच. चौथ्या टॅबवरची पोरं दुसऱ्या फ्रेमपर्यंत पोचली होती, पण तिथे अडकली होती. मागचं फिकट चित्र खोडरबराने पुसण्यात त्यांची पंधरा मिनिटं गेली होती.

“सर, मागचं पुसल्याच नाही जाऊन राहिलं,” त्यांच्यातला एक जण घाम पुसत म्हणाला.

मी ओरडलो. भरपूर ओरडलो. अरे, ते दिसायसाठीच आहे, पुसता काहून? आणि ओरडता ओरडताच मला माझा वीस वर्षांचा आवाज ऐकू आला. समास मीच आखायला लावला होता. छटा, पडछाया, नाव, तुकडी, सगळं माझंच. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला पोरं बसवून बसवून मी त्यांना एकच चित्र पूर्ण करायला शिकवलं होतं, आणि आता बारा अर्धवट चित्रं मागत होतो. घंटा झाली तेव्हा आठ टॅब मिळून आमचा चित्रपट एक सेकंदसुद्धा भरत नव्हता.

शिक्षकखोलीत गणिताच्या सरांनी कार्यशाळा कशी झाली म्हणून प्रेमाने विचारलं. मी तेवढ्याच प्रेमाने छान म्हणालो. मग अकरा पानांवर काट मारली आणि एका पानाचं नवं टाचण लिहिलं. समास नाही. रंग नाही. खोडरबर नाही, चुकलं तर पुढची फ्रेम. प्रत्येकाला वीस मिनिटं आणि प्रत्येकाचा स्वतःचा एक छोटा सिनेमा, विषय आवडेल तो. मॅडमनी ते पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली. त्याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे.

शुक्रवारी मॅडमकडून जादा मागून घेतलेल्या तीन तासांना मी खरा चेंडू घेऊन गेलो आणि वर्गात आपटला. वर रेंगाळतो तेव्हा हळू टाळ्या, खाली येताना भराभर, असं पोरांकडून करून घेतलं. मग टॅब दिले आणि तोंड बंद ठेवलं, जे मला फार जड गेलं. पण पोरं सुटली. एकाचा ट्रक हॉर्न मारत उलटा झाला, एकीच्या शेवया ताटातून पळाल्या, कोणाच्या मांजराने मुख्याध्यापिकेचा चष्मा पळवला. रेघा वेड्यावाकड्या, पण सगळं हलत होतं. मला फार आनंद झाला.

सहाव्या टॅबवर शेवटची पाळी होती वर्गातल्या सगळ्यात चांगल्या हाताच्या मुलीची. एलिमेंटरी परीक्षेला ए ग्रेड, बोलणं कमी. वेळ संपत आला तेव्हा मी तिचा टॅब घेतला. खाटेवर चादर पांघरून झोपलेला माणूस, सुरेख काढलेला. पुढची फ्रेम पाहिली, तोच माणूस. पुढची, तोच. मी वह्या तपासतो तशा बाराही फ्रेम एकेक करून तपासल्या. कॉपी-पेस्ट केलेलं सरळ दिसत होतं, आणि माझं डोकं फिरलं.

“हे हलत काहून नाही वं? एकच चित्र बारा वेळा चिकटवलं तू.”

“बाबा झोपून आहेत, सर. चालवून पाहा ना,” ती म्हणाली.

तेवढ्यात घंटा झाली. मी टॅब कपाटात ठेवले आणि तिला सांगितलं की उद्या तुझं दाखवणार नाही, तास वाचवायचे आहेत, झोपलेला माणूस पाहून पालक काय म्हणतील? ती बरं म्हणाली. खाली मान घालून, पण रडली नाही.

शनिवारी सभागृहाच्या भिंतीवर एकतीस सिनेमे झाले. प्रत्येक सेकंदाचा, म्हणून प्रत्येक चार-चार वेळा फिरवला. ट्रकवर ड्रायव्हर असलेले दोन बाप पोट धरून हसले, चष्मा पळाला तेव्हा मॅडम स्वतः हसल्या. गणिताचे सरसुद्धा हसले, पण हळू. मी हिशेबाने ठरवून टाकलं की तास वाचले. चहा फिरायला लागला आणि मागच्या रांगेतून एक माणूस उठला. कंपनीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी, डोळे लाल. हिंगण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून तो सरळ शाळेत आला होता.

“सर, आमच्या पोरीचं नाही दिसलं,” तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, नुसतं विचारणं होतं.

त्याच्या शेजारी ती बसली होती आणि पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. मला थाप मारता आली असती. तोंडाशी आलीही होती. पण मी म्हणालो, राहून गेलं, आत्ता लावतो. सहावा टॅब काढला, मूव्ही बनवली, केबल लावून संगणकावर घेतली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चित्रावर प्लेचं बटण दाबलं.

खाटेवर माणूस झोपला होता. त्याची छाती वर आली. हळूहळू, केसाएवढी केसाएवढी, चादरीची रेघ वर गेली, वर जरा थांबली, मग तशीच खाली उतरली. पुन्हा वर. बाकी कशालाही तिने हात लावला नव्हता. सगळ्यांचा सिनेमा सेकंदाला बारा चित्रांचा होता, हिने वेग कमी करून चार केला होता, म्हणून बारा चित्रांत पूर्ण एक श्वास होत होता. सभागृहात कोणी हसलं नाही.

“असा झोपतो काय वं मी?” बाप मुलीला म्हणाला.

“हो. दिवसा,” ती म्हणाली.

तो भिंतीकडे पाहत उभाच राहिला. मला ते चार वेळा फिरवायचं होतं, किती वेळा फिरवलं आठवत नाही.

मॅडमनी नंतर निकाल दिला. एक तास चित्रकलेचा कायम, एक गणिताला. मी भांडलो, पण मनापासून नाही. गणिताच्या सरांशी माझं बरं आहे आता, ते त्यांच्या तासाला आलेखाचा बिंदू हलवून दाखवायला टॅब मागून नेतात.

पण त्या दिवशी पोरं घरी निघाली तेव्हा मी तिला गाठलं. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून आधी चिडल्यासारखं विचारलं की एवढी बारीक हालचाल कशाला केली, कोणाला दिसली असती?

“तुम्हीच सांगितलं ना, सर,” ती म्हणाली. “जिथं हळू, तिथं चित्रं जवळजवळ. बाबांचा श्वास लई हळू असते. मी मोजला.”

लाल शाईने लिहिलेली ओळ होती ती, माझ्या टाचणातली. बत्तीस पोरांत ती नीट कळली होती एकटीला, आणि तिचंच मी पाहिलं नव्हतं. मी तिला म्हणालो, चुकलं माझं. ती लाजली आणि बापाच्या मोटरसायकलवर मागे बसली. पेंगत्या बापाला तिने पूर्ण रस्ताभर बोलून जागं ठेवलं असणार, कारण फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिचं तोंड चालू होतं, आणि मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी नवं टाचण लिहिलं. मूल्यमापनाच्या रकान्यात एकच ओळ आहे: शिक्षकाने आधी चालवून पाहावे. मॅडमनी सही केली आहे.