मनाई उठली

आमच्या वकिली ऑफिसात तिला सगळे अनुस्वारताई म्हणायचे. तोंडावर अर्थात नुसतं ताई. मी टाइप करून ठेवलेला कागद ती हातात घ्यायची, चष्मा कपाळावरून नाकावर आणायची आणि पेन्सिलीने एक ठिपका द्यायची. "इथं डोक्यावर टिंब राहिलंय," म्हणायची. बास. त्यावर भाषण नाही.

तिचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. मजकूर उलटा वाचायची सवय तिला घरातच लागली. बाविसाव्या वर्षी ती आमच्या साहेबांकडे, म्हणजे ऑफिसच्या मुख्य वकिलांकडे, टायपिस्ट म्हणून आली आणि मी शिकाऊ वकील म्हणून तिथं पाय ठेवला तेव्हा तिच्या नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली होती. नवरा बस डेपोत मेकॅनिक, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. दावा, कैफियत, शपथपत्र, सगळं तिच्या बोटांखालून गेलेलं. साहेब अर्धं वाक्य सांगून खिडकीबाहेर बघत बसायचे, उरलेलं अर्धं ती पूर्ण करायची.

मग अशिलांना पत्रं जाणं कमी झालं आणि फोनवर मेसेज जायला लागले. ते कामही ताईकडे आलं. ताईने मेसेजही पत्रासारखेच लिहायला घेतले. आमचे एक ट्रकवाले अशील होते, भला माणूस, आवाज मोठा. त्यांना ताईने कळवलं, "आपल्या प्रकरणातील पुढील सुनावणी दिनांक १४ रोजी नियत करण्यात आली आहे." दहा मिनिटांत त्यांचा फोन. मी उचलला.

"वकीलबाई, कोणी काय कान भरलेत साहेबांचे? माझी नियत साफ आहे!"

मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. ताईला सांगितलं तेव्हा तीही हसली, पण तिचे कान लाल झाले. त्याच आठवड्यात आणखी एकाने 'स्थगनादेश' म्हणजे काय म्हणून विचारलं. शेवटी मीच तिला म्हटलं, "ताई, लोक बोलतात तसं लिहा ना. हिअरिंग, डेट, स्टे, ऑर्डर. आपणही ऑफिसात तेच बोलतो."

"फॉर्मल कामाचा मेसेज म्हणजे अशी खिचडी?" ती म्हणाली.

"कळलं तर पाहिजे ना."

तिला ते पटलं. निदान तिने वाद घातला नाही. त्यानंतर तिचे मेसेज सुटसुटीत झाले. 'उद्या अकराला हिअरिंग आहे. ओरिजिनल डॉक्युमेंट घेऊन या.' ट्रकवाले खूश. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

शिवणकाकूंचं प्रकरण चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. या काकू एकट्या राहायच्या. नवऱ्यामागे त्याच दोन खोल्यांत शिवणकाम करून त्यांनी स्वतःचं चालवलं होतं. वर एक खोली बांधायची म्हणून बाहेरून जिना काढायला घेतला. शेजारी म्हणाला, जिना माझ्या हद्दीत येतो. तो कोर्टात गेला आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत बांधकाम थांबवायचा हुकूम घेऊन आला. जिना सातव्या पायरीवर अडकला. साहेबांनी काकूंना पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "कोर्टाने मनाई केलीय. ती आपण उठवायची." तेव्हापासून काकू ऑफिसात आल्या की एकच प्रश्न विचारायच्या, "साहेब, मनाई कधी उठायची?"

ती उठली. मोजणीचा नकाशा आमच्या बाजूने बोलत होता. कोर्टाने तो बघितला आणि हुकूम मागे घेतला. मी कोर्टाच्या आवारातूनच ताईला फोन केला. "ताई, शिवणकाकूंचा स्टे व्हेकेट झाला! कळवा त्यांना." आणि दुसऱ्या कोर्टात पळाले.

ताईने माझे शब्द होते तसे पाठवले. 'आपल्या मॅटरमध्ये आज स्टे व्हेकेट झाला आहे. ऑर्डरची कॉपी मिळाल्यावर कळवू.'

तीन दिवसांनी सकाळी काकूंचा फोन आला. ताईने उचलला. मी समोरच होते. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण ताईचा चेहरा दिसत होता.

"कसल्या मशिनी?" ताई म्हणाली. मग, "काकू, थांबा. काहीही हलवू नका. नाही हो, कोणी नाही सांगितलं... मी सांगितलं?"

तिने फोन ठेवला आणि खुर्चीच्या हाताला धरून बसली.

झालं होतं असं. काकूंनी मेसेज वाचला. स्टे म्हणजे राहणं, हे त्यांना माहीत होतं. त्यांची भाची हॉटेलात कामाला आहे, ती सारखी म्हणते, गेस्टचा स्टे इतक्या दिवसांचा. व्हेकेट कळेना म्हणून भाचीलाच फोन केला. भाची म्हणाली, "आत्या, व्हेकेट म्हणजे खोली रिकामी करणं." काकूंनी दोन्ही शब्द जोडले. राहतं घर रिकामं करायचा हुकूम आलाय. वकिलांच्या ऑफिसातून आलेला मेसेज, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रडल्या असतील त्या रडल्या. मग सामान बांधायला लागल्या. त्या दिवशीचा फोन तक्रारीचा नव्हताच. त्या विचारत होत्या, "ताई, मशिनी आजच हलवू, की रविवारपर्यंत मुदत मिळेल?"

ताईने फोनवर सगळं सांगितलं, पण काकूंना ते खरं वाटेना. "मला बरं वाटावं म्हणून सांगू नका," म्हणाल्या.

"मी जाऊन येते," ताई मला म्हणाली. डबा तसाच ठेवून ती उठली. मीही पर्स उचलली. तिने नको म्हटलं नाही.

घर गल्लीच्या टोकाला होतं. बाहेर सात पायऱ्या, आठवीच्या जागी वाकलेल्या सळया. दारात बोचकी. कापलेले पण न शिवलेले कपडे काकूंनी गिऱ्हाइकांना परत करून टाकले होते, कोणाचं कापड आपल्यापाशी अडकू नये म्हणून. भिंतीवर कात्र्यांचे खिळे रिकामे होते. एका कोपऱ्यात फरशीवर चार पायांचे डाग होते आणि मधला चौकोन स्वच्छ. तिथं कडा बांधायचं मशीन होतं. ते त्यांनी आदल्या दिवशी एका दुकानदाराला देऊन टाकलं होतं, मिळेल त्या भावात.

ताई त्यांच्यासमोर खाली फरशीवरच बसली. "काकू, तुमच्या जिन्यावरची मनाई उठली. त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ तेवढाच. घर तुमचं आहे. कुठेही जायचं नाही."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "मनाई उठली?"

"उठली."

"मग तसं लिहायचं ना हो!" त्या म्हणाल्या. रागावून नाही. लहान मुलाला घास भरवताना म्हणतात तशा. ते रागापेक्षा जास्त लागलं.

"चुकलं माझं," ताई म्हणाली. मी मध्ये बोलायला गेले, की शब्द माझे होते. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं. "पाठवलं मी," एवढंच म्हणाली.

आनंदाच्या भरात काकू म्हणाल्या, "मग उद्याच गवंड्याला बोलावते." मी म्हटलं, थांबा. मनाई उठली तरी दावा संपलेला नाही. शेजारी वरच्या कोर्टात जाऊ शकतो. साहेबांना विचारल्याशिवाय वीटही हलवायची नाही. काकूंनी मान डोलावली. आम्ही तिघींनी मिळून बोचकी सोडली. मशीनवाल्या दुकानदाराकडेही ताई जाऊन आली, पण व्यवहार तो व्यवहार, तो काही मागे फिरेना.

ऑफिसात परतल्यावर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "लेखी कळवा. नीट."

मी मसुदा केला. 'सॉरी फॉर द कन्फ्युजन' अशी सुरुवात केली होती. ताईने वाचलं. "पायावर पाय पडला तर सॉरी म्हणतात. यांनी घर बांधून ठेवलं होतं बोचक्यात." मग तिने स्वतः लिहिलं.

'काकू, कोर्टाने तुमच्या जिन्याच्या कामावरची मनाई उठवली आहे. घर रिकामं करायचं नाही. आधीचा मेसेज आम्ही नीट लिहिला नव्हता, त्याचा तुम्हाला त्रास झाला, माफ करा. दावा अजून चालू आहे. काम सुरू करण्याआधी साहेबांशी बोला. हुकमाची सर्टिफाइड कॉपी घ्यायची आहे. मी सोबत येईन.'

मी विचारलं, "सर्टिफाइड कॉपी इंग्रजीत ठेवलीत?"

"कोर्टात जिथं कॉपी मिळते त्या खिडकीवर तेच लिहिलंय. त्या एकट्या गेल्या आणि 'प्रमाणित प्रत' म्हणाल्या तर आतला माणूस वर तरी बघेल का?"

मला तेव्हा थोडं कळलं. अशील आपल्या तोंडाने जो शब्द वापरतो, तो ती तसाच घ्यायची, मग इंग्रजी असो की मराठी. खिडकीवर, फॉर्मवर, कागदाच्या डोक्यावर जो शब्द भेटणार, तोही ठेवायची. पण काय झालं, आता काय करायचं आणि काय करायचं नाही, हे ज्या शब्दांवर उभं आहे ते तिने काकूंसारख्यांसाठी पुन्हा कधी मिसळले नाहीत. दर मेसेज पाठवण्याआधी ती मोठ्याने वाचायची, समोरचा माणूस डोळ्यापुढे आणून. नोटीस, अर्ज, लेखी जबाब यांना मात्र तिने ही मोकळीक दिली नाही. तो कागद, तो जुन्याच शिस्तीत राहिला.

शेजारी वरच्या कोर्टात गेलाच, पण तिथं त्याचं काही चाललं नाही. पावणेदोन वर्षांनी समझोता झाला. जिना पूर्ण झाला, काकूंनी वर खोली काढली. कडा बांधायचं मशीन पुन्हा घेणं त्यांना बरेच दिवस जमलं नाही. ते काम त्या बाहेरून करून आणायच्या. ताई तिचे ब्लाउज त्यांच्याकडेच शिवायला टाकायला लागली. उपकार म्हणून नाही, असं ती बजावून सांगायची. फिटिंग खरंच चांगलं होतं.

ताई निवृत्त व्हायच्या महिन्यातली गोष्ट. एका डॉक्टर अशिलांना तिने कळवलं, "मुदतवाढीचा अर्ज कोर्टाने फेटाळला." त्यांचा लगेच उलटा मेसेज. "म्हणजे एक्स्टेन्शन रिजेक्ट?"

मी म्हटलं, "बघा, यांना मराठीच कळत नाही."

ताईने चष्मा नाकावर आणला आणि टाइप केलं. "हो डॉक्टर. एक्स्टेन्शन रिजेक्ट. रिप्लाय शुक्रवारच्या आत फाइल करावा लागेल. उद्या सकाळी दहाला या."

"हा माणूस शब्द जोडून घर रिकामं करणार नाही," ती मला म्हणाली, आणि पुढची फाइल ओढली.