दक्षिणेस वस्ती

दादरला स्टेशनपासून दोन गल्ल्या आत, एका पोटमाळ्यावर आमचं जाहिरातींचं ऑफिस आहे. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती आम्ही घेतो. जमिनीच्या जाहिराती माझ्याकडे. त्यासाठी मी एक छापील कागदच करून ठेवला आहे. गट नंबर, क्षेत्र, चारही बाजूंना काय आहे, रस्ता कुठून येतो, जमिनीचा वापर कशासाठी चालतो आणि हाताशी कोणकोणते कागद आहेत, एवढं त्यावर विचारलेलं असतं. हे आधी विचारलं नाही तर जाहिरात छापून आल्यावर फोनवर तेच विचारलं जातं, आणि मालक उत्तर देता देता घसरतो.

ते गृहस्थ लालबागचे. साठीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लाघवी. वडील गिरणीत होते, चाळीच्या जागी आता टॉवर झाला होता, आणि कोकणातली पाऊण एकर जमीन त्यांना विकायची होती. प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी एकेक कागद काढला. सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा. इतक्या नीट लावलेल्या फाईली क्वचितच येतात. मला बरं वाटलं. मी त्यांना चहा करून दिला, तो त्यांनी घेतला.

"लिहा, मॅडम. बंगल्यासाठी उत्तम प्लॉट."

"बिनशेतीचा आदेश आहे का?"

"होईल की. अर्ज टाकायचाय."

"मग शेतजमीन लिहावं लागेल. आणि घेणारा शेतकरी हवा, तेही."

त्यांनी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. मग आम्ही सीमांवर आलो. पूर्वेला चुलतभावाचा गट, पश्चिमेला ओढा, उत्तरेला काजूची बाग.

"दक्षिणेला?"

"दक्षिणेला वाडी आहे. ते राहू द्या."

"राहू कसं देणार? रस्ता तिकडूनच येतोय ना? कुठली वाडी?"

त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. मग टेबलावर वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "आपली नाही हो. त्यांची. खालची. ते छापलं की गिऱ्हाईक पळतं. तुम्हाला काय सांगायचं, आपल्या लोकांचं तुम्हाला माहितीच आहे."

आपल्या लोकांचं. माझं आडनाव त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तरी कळलं नसतं, ते सगळ्या जातींत आढळतं. माझा जन्म नायगावच्या चाळीतला, घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि कोकणातलं आमचं घर अशाच एका 'खालच्या' वाडीत. मी रस्त्याचे कागद मागितले.

मोजणीच्या नकाशात रस्ता नव्हताच. त्यांच्याकडे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीचा उतारा होता आणि त्याला जोडलेलं एक संमतीपत्र. ते मी वाचलं. बौद्धवाडीतल्या सात खातेदारांनी आपापल्या कुंपणाची जागा मागे घेऊन बारा फुटांची पट्टी सोडली होती, मोबदला न घेता. तीन सह्या, चार अंगठे. म्हणजे ही पाऊण एकर विकण्याजोगी झाली होती ती या सात जणांमुळे. त्याआधी तिथे बैलगाडीसुद्धा जात नव्हती, हे या गृहस्थांनीच मघाशी सांगितलं होतं.

"रस्ता यांनी दिलाय तर," मी म्हणाले.

"द्यावाच लागला. त्यांच्याही दारात गाडी आली ना."

ते गेल्यावर मी जाहिरात लिहिली. 'दक्षिणेस बौद्धवाडी. वाडीतील खातेदारांनी संमतीने दिलेल्या बारा फुटी रस्त्याने प्रवेश.' प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. दहा मिनिटांत आमच्या मालकांना त्यांचा फोन.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हे कशाला?"

"सीमा आहे ती. बिनशेती नसताना प्लॉट लिहू नका म्हणता ना तुम्ही?"

"त्यावरून उद्या तक्रार येते, बाई. यावरून कोण तक्रार करतंय?" ते हसले. "वस्ती लिहा. दक्षिणेस वस्ती. खोटं नाही ना?"

खोटं नव्हतं. मीच बदललं. माझ्याच बोटांनी 'बौद्ध' पुसलं, 'वाडी' पुसलं, आणि 'वस्ती' टाईप केलं. त्या दिवशी घरी गेल्यावर मला त्या गृहस्थांपेक्षा स्वतःची किळस जास्त आली. आईला सांगितलं नाही. तिने विचारलं असतं, आणि काय सांगणार होते मी?

जाहिरात रविवारी आली. त्यांनी फोन नंबर ऑफिसचा दिला होता, त्यामुळे सोमवारी फोन मीच घेतले. अकरा आले. त्यातल्या सहा जणांनी रस्ता, पाणी, सातबारा एवढं विचारून झाल्यावर अगदी सहज विचारलं, "वस्ती म्हणजे कोणाची वस्ती?" एक बाई गिरगावातून बोलत होत्या, आवाज इतका गोड. "तसं आम्ही काही मानत नाही, पण शेजार बघावा लागतो ना." मी म्हणाले, "बौद्धांची." त्यांनी "बरं, कळवते," म्हणून फोन ठेवला. सहाही जणांना मी तेच उत्तर दिलं. पाच जणांचा पुन्हा फोन आला नाही.

सहाव्याचा आला. त्यांचं चिपळूणकडे शेत होतं, त्यांना वाडीचं काही वाटलं नाही. पण त्यांच्या वकिलाने फाईल पाहून एका कागदावर बोट ठेवलं. संमतीपत्र साध्या कागदावर, नोंदणी नाही. रस्ता उद्या कोणी अडवला तर? सातही जणांकडून रस्त्याच्या हक्काचा नोंदणी केलेला दस्त आणा, मग पुढचं बोलू.

तीन आठवड्यांनी ते गृहस्थ ऑफिसात आले. दमलेले दिसत होते. चार वेळा गावी जाऊन आले होते. सातांतले दोघे वारले होते, त्यांच्या वारसांना शोधावं लागलं, एकाला तर मुंबईतच, कॉटन ग्रीनला.

"सह्या दिल्या?" मी विचारलं.

"दिल्या हो. चांगली माणसं आहेत तशी. सगळे एका दिवशी रजिस्ट्रार ऑफिसला आले, स्वतःच्या खर्चाने." मग त्यांनी तोच जुना आवाज काढला, खालचा. "पण विहारात बसवलं मला. चहा घ्यावा लागला. काय करणार, काम होतं."

आता मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाही इथे चहा घेतला होता. मी दिलेला. मी त्यांच्यातलीच आहे."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग टेबलाकडे, जणू कप अजून तिथे असावा. "मी तसं म्हणालो नाही," ते म्हणाले. "तुम्ही गैरसमज करून घेताय. माझे किती मित्र..." मी हात वर केला, तेव्हा ते थांबले. माफी मागितली नाही. मला ती अपेक्षितही नव्हती.

ते आले होते दुसऱ्या जाहिरातीसाठी. चिपळूणवाल्यांचा व्यवहार मोडला होता, त्यांना तोवर दुसरी जमीन मिळाली होती. नव्या दस्तात दक्षिणेची सीमा वाडीच्या नावासकट होती, आणि दस्त करणाऱ्या वकिलाने या गृहस्थांना बजावलं होतं की जाहिरातीतलं वर्णन दस्ताशी जुळलं पाहिजे.

"लिहा मग," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "जे असेल ते."

मी दस्त समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवलं. मालकांनी प्रूफ पाहिलं आणि या वेळी एकही शब्द न बदलता पुढे पाठवलं. त्या शब्दांमागे आता नोंदणी क्रमांक होता. सात माणसांचं म्हणणं, त्यांनी दिलेली जमीन, तिथे राहणं, यातलं काहीच पुरलं नव्हतं. शिक्का लागला तेव्हा कुठे ते छापण्याजोगं झालं.

जमीन विकली गेली की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी दुसऱ्या जाहिरातीत स्वतःचा नंबर दिला होता.