चार मिनिटांचं प्रास्ताविक

आमच्या हडपसरच्या शाळेत प्रास्ताविक म्हटलं की माझ्याकडे बोट दाखवायची पद्धत आहे. मराठी शिकवते, म्हणजे बोलायला येतंच, असा सगळ्यांचा समज. पाहुण्यांचं स्वागत दुसरं कोणी करतं, आभार तिसरं कोणी मानतं. मधे उभं राहून आपण आज का जमलो आहोत आणि कोणासाठी, एवढं सांगायचं काम माझं. सोपं वाटतं. मला मात्र दोन वर्षांपूर्वीपासून त्या कामाची धास्ती बसली आहे.

तेव्हा विज्ञानाचे सर निवृत्त होत होते. मी त्यांच्यावर मनापासून लिहिलं आणि मनापासून वीस मिनिटं बोलले. त्यांचे सगळे किस्से मीच सांगून टाकले. पुढचे वक्ते 'बाईंनी सांगितलंच आहे' म्हणत तेच किस्से पुन्हा सांगत बसले. सर स्वतः बोलायला उभे राहिले तेव्हा जेमतेम मिनिटभर उरलं होतं. त्यांनी चष्मा लावला, कागद उलगडला, आणि दुपारच्या शाळेची घंटा झाली. आमचा हॉल म्हणजे मधली दारं सरकवून एक केलेले तीन वर्ग. बारा वीसला तिथे मुलं यायलाच हवीत. सरांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

मला इतकी लाज वाटली, की मी त्याचा राग शाळेची घंटा वाजवणाऱ्या मावशींवर काढला. जिन्याखाली त्यांना गाठून म्हटलं, "मावशी, दोन मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

घंटेची हातोडी खुंटीला अडकवत त्या म्हणाल्या, "बाई, घंटा थांबत न्हाई. बोलनाऱ्यानं थांबायचं."

यंदा त्याच मावशी निवृत्त होणार होत्या. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली सगळी वर्षं त्या घंटेपाशी. प्रास्ताविक अर्थातच माझ्याकडे आलं. मी मनाशी ठरवलं की काय वाटेल ते होवो, मावशींच्या बोलण्याचा वेळ मी खाणार नाही. घरी लिहिलं ते तीन पानं झालं. घड्याळ लावून वाचलं तर अकरा मिनिटं. खोडत खोडत चार मिनिटांवर आणलं आणि ते वेगळ्या कागदावर उतरवलं.

आदल्या दिवशी मावशी स्टाफरूममध्ये चहा घेऊन आल्या. "उद्या लोनीवरनं समदी येनार हायत. सूनबी येती. तिला वाटतं, सासू नुस्ती झाडलोट करती शाळंत." मी म्हटलं, "तुम्ही काय बोलणार ते तयार आहे ना?" त्या म्हणाल्या, "दोन वळी पाठ हायत." मी मनात म्हटलं, उभ्या राहिल्या की बोलतील भरपूर, वेळ मिळाला म्हणजे झालं.

कार्यक्रम अकराचा. संस्थेचे अध्यक्ष उगवले साडेअकराला. आल्यावर त्यांना चहा. मग दीपप्रज्वलन, त्यात पंख्याने समई दोनदा विझली. मग मुलींचं स्वागतगीत, तिन्ही कडव्यांसह. मुख्याध्यापिका माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "नव्या इमारतीबद्दल अध्यक्षांचा उल्लेख होऊ दे हं, चार वाक्यं." समोरच्या भिंतीवर पावणेबारा. हातातला कागद घामाने मऊ पडला होता. मी पेन काढलं आणि चार मिनिटांतलीही अडीच मिनिटं कापली. जे जे सांगायला वेळ लागेल ते ते गेलं. इमारतही गेली, त्याचं मला दुःख नव्हतं.

मावशी व्यासपीठावर खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, नवं लुगडं, नजर घड्याळावर. पहिल्या रांगेत त्यांचा मुलगा आणि सून.

मी माइकसमोर गेले. म्हटलं, "आज आपण मावशींच्या सेवापूर्तीसाठी जमलो आहोत. एकतीस वर्षं ही शाळा त्यांच्या घंटेवर भरली आणि त्यांच्या घंटेवर सुटली. इतकी वर्षं त्यांनी आपल्याला ऐकलं, आज आपण त्यांना ऐकू या. म्हणून मी इथेच थांबते." दीड मिनिटसुद्धा झालं नाही. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकांचा चेहरा इमारतीवाचून पडलेला होता, पण मला हायसं वाटलं.

पुढे दोन शिक्षक बोलले. मावशी कष्टाळू, मावशी प्रामाणिक, मावशी हसतमुख. ही विशेषणं कोणत्याही निरोपाला चालतात. दोघांनीही माझ्यासारखंच थोडक्यात आटपलं. शाल, श्रीफळ, साडी झाली. मावशींच्या हातात माइक आला तेव्हा बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. अध्यक्ष आणि आभार धरूनही अख्खी बारा मिनिटं मी त्यांच्यासाठी राखली होती!

त्या म्हणाल्या, "समद्यांनी मला सांभाळून घेतलं. चुकलं असंल तर माफी असावी." आणि बसल्या.

अध्यक्षांना इमारत ऐकायला न मिळाल्याने बोलायचा उत्साह नव्हता. बारा दहाला आभारही संपले. कोणीतरी म्हणालं, "आपल्याकडे कार्यक्रम वेळेआधी संपला, याचीच बातमी द्यायला हवी." मी खूश होते. खरंच खूश होते.

जिन्याखालच्या बाकावर मावशी नारळ आणि साडी पिशवीत भरत होत्या. मुलगा आणि सून शेजारी उभे. मी जवळ जाऊन म्हटलं, "झालं ना सगळं नीट?"

"झालं की," त्या म्हणाल्या. पिशवीची गाठ मारली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "सरांच्या टायमाला वीस मिन्टं बोलला हुता तुमी. मला वाटलं, माझंबी कायतरी असंल सांगन्याजोगं."

रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांनी साधं विचारावं तसं म्हटलं. सून जमिनीकडे बघत होती. एवढी वर्षं राबलेल्या बाईला मी दीड मिनिटात गुंडाळलं होतं आणि वर स्वतःची पाठ थोपटत होते. वेळ मी माझ्या जुन्या लाजेपायी वाचवला होता. मावशींना तो कुठे हवा होता? त्यांना ऐकायचं होतं, आणि सुनेला ऐकवायचं होतं.

पर्समध्ये ती पहिली तीन पानं तशीच होती. मी बाकावर बसले आणि म्हटलं, "आहे ना. बसा सगळे." आणि खोडलेल्या ओळींसकट वाचायला लागले.

दहावीच्या परीक्षेला हॉलतिकीट घरी विसरलेल्या मुलीसाठी मावशी रिक्षा करून तिच्या घरी गेल्या होत्या, ते वाचलं. मग दुसऱ्या पानावरचं वाचलं: "शाळा भरायची घंटा द्यायच्या आधी मावशी फाटकाबाहेर बस-स्टॉपकडे बघतात. कोणी दप्तर सांभाळत पळत येताना दिसलं, तर ते आत येईपर्यंत हातोडी हातात धरून उभ्या राहतात. मी हे स्टाफरूमच्या खिडकीतून अनेक वर्षं बघते आहे. भाषणासाठी न थांबणारी घंटा त्या मुलांसाठी थांबवतात, आणि त्यांनी हे कोणाला कधी सांगितलेलं नाही."

मावशींनी चमकून वर पाहिलं. "तुमी बघत हुता व्हय?"

तेवढ्यात आमच्या डोक्याशी घंटा झाली. हातोडी आज दुसऱ्या शिपायाच्या हातात होती. फाटकातून मुलांचा लोंढा आत आला. पहिला तास माझाच होता, आणि अजून एक पान शिल्लक होतं.

"बाई, घंटा झाली," मावशी सवयीने म्हणाल्या.

"होऊ दे," मी म्हटलं आणि पान उलटलं.

मावशींनी माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं. मला वाटलं, आता वर्गावर पाठवतात. त्या सरकल्या, बाकावर जागा केली आणि सुनेला शेजारी बसवून घेतलं.

"ते बस-स्टॉपचं परत वाचा," त्या म्हणाल्या. "घंटंत हिला नीट ऐकू आलं न्हाई."