आत्याच्या गळ्यात घातलेला हार

माझी आत्या घाटकोपरला आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. आम्ही पहिल्यावर. लग्न केलं नाही, भांडुपच्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आयुष्य काढलं आणि रिटायर झाली तेव्हा हातात फंडाचे पैसे आणि गुडघ्यांचं दुखणं, एवढंच घेऊन घरी आली. पण बिल्डिंगमध्ये तिच्या शब्दाला किंमत होती. कुणाच्या सासूला दवाखान्यात न्यायचं असो, कुणाच्या पोरीचं स्थळ बघायचं असो, बायका आधी आत्याचं दार वाजवायच्या.

स्टेशनच्या रस्त्यावर जो सराफ होता, त्यालाही हे माहीत होतं.

त्याची आणि आत्याची ओळख जुनी. माझ्या आईचं मंगळसूत्र, माझ्या बारशाच्या बिंदल्या, सगळं त्याच्याकडचं. आत्या रक्षाबंधनाला दुकानात जाऊन त्याला राखी बांधायची. तो तिला ताई म्हणायचा आणि गल्ल्याजवळच्या खुर्चीवर बसवून चहा मागवायचा. त्याने भिशी सुरू केली तेव्हा पहिलं नाव आत्याचं लिहिलं. अकरा महिने हप्ता भरायचा, बारावा हप्ता दुकानदार घालणार आणि त्या रकमेचं सोनं घ्यायचं, घडणावळ माफ. रोख परत मिळणार नाही, दागिनाच घ्यायचा. अशा भिश्या सगळीकडेच असतात आणि पहिली काही वर्षं ही चांगली चालली. बिल्डिंगमधल्या बायकांनी कानातली केली, चेन केल्या. दुकानापर्यंत कोण उतरणार म्हणून त्या हप्ते आत्याकडे द्यायच्या आणि आत्या ते नेऊन भरायची. दिवाळीला दुकानदार तिला चांदीचं नाणं द्यायचा. ती ते देवघरात ठेवायची.

मग नवी स्कीम आली. एकदम रक्कम ठेवायची, दीड वर्षाने जवळपास दीडपट सोनं. शक्यतो रोख आणा, म्हणजे कागदपत्रांची कटकट नको, असं तो म्हणायचा. छापील पावती बंद झाली, मोबाइलवर मेसेज यायचा. मी मरोळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मी आत्याला म्हटलं की सोन्याचा आगाऊ घेतलेला पैसा वर्षाच्या आत सोन्यात फेडावा लागतो, म्हणून तर या भिश्या अकराच महिन्यांच्या असतात. दीड वर्ष पैसे ठेवून घेणं म्हणजे ठेवी घेणं, आणि त्याची परवानगी याच्याकडे नाही. ती म्हणाली, तुझ्या ऑफिसातले कायदे तुझ्या ऑफिसात ठेव.

तिच्यावर भरवसा ठेवून तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या मैत्रिणीने मुलीच्या लग्नाचे सगळे पैसे त्यात घातले. दोघी एकाच कंपनीत, एकाच टेबलावर काम केलेल्या. बाकीच्यांनीही थोडे थोडे घातले. आत्याने फंडातले उरलेले घातले.

मुदती भरायला लागल्या आणि दागिना मिळेना. आधी कारागीर गावाला गेलाय. मग लग्नसराई आहे, गर्दी ओसरली की या. मग तो म्हणू लागला की आत्ता उचलू नका, पुढच्या स्कीममध्ये वळवा, वर आणखी दोन ग्रॅम देतो. मी एकदा आत्याबरोबर गेले तर काचेच्या कपाटात मखमलीचे ट्रे होते, पण दागिने पुढच्या रांगेतच. मागचे ट्रे रिकामे. काउंटरवरच्या दोन्ही जुन्या मुली नव्हत्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं की त्यांचे पगार थकले होते. मी हे घरी येऊन बोलले. आत्या म्हणाली की माणसावर वाईट वेळ येते, तेव्हाच कळतं आपलं कोण.

बायका कुजबुजायला लागल्या. शेवटी मैत्रीण आणि आणखी चार-पाच जणी आत्याला घेऊन दुकानात गेल्या. मी रजा टाकून बरोबर गेले. आम्हाला वाटलं होतं, तो टाळाटाळ करेल. त्याने हसून सगळ्यांना बसवलं, थंड मागवलं, आणि आतून एक लाल डबी आणली. त्यात पोहेहार होता. तो त्याने स्वतःच्या हाताने आत्याच्या गळ्यात घातला, सगळ्यांसमोर.

"ताईंचा नंबर लागला. आता एकेक करत तुमचाही लागेल," तो म्हणाला. "पण गोंधळ घातलात तर सगळ्यांचंच अडकेल."

मग त्याने फोटो काढला. आत्या त्यात लाजून हसतेय. संध्याकाळपर्यंत तो फोटो स्कीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या लोकांनी त्याला हात जोडले होते. पैसे मागायला आलेल्यांपैकी दोघींनी त्याच आठवड्यात आणखी भरले.

मी घरी आल्यावर हाराचं बिल मागितलं. नव्हतं. हॉलमार्कचा सहा अक्षरांचा नंबर असतो, तो मोबाइलवर तपासता येतो, म्हणून मी हाराचा मागे अडकवायचा आकडा उजेडात धरून पाहिला. काहीतरी कोरलेलं होतं, वाचता येत नव्हतं. दुसरीकडे दाखवून आणूया, मी म्हटलं. आत्याने हार माझ्या हातातून काढून घेतला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढच्याच पंधरवड्यात दुकानाचं शटर खाली आलं. वर कागद चिकटवलेला, दुरुस्तीचं काम चालू आहे. ग्रुपवर त्याच्या आवाजातला निरोप आला की कुणीही घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका. त्यानंतर फोन बंद.

त्या दिवशी दुपारी बायका चौथ्या मजल्यावर आल्या. चहा नको म्हणाल्या. आत्याच्या गळ्यात हार होता. ती तो काढायचीच नाही. तिची मैत्रीण दारातच उभी राहिली.

"तुझा तेवढा बरा मिळाला गं," ती म्हणाली.

आत्याने हार काढला आणि तिच्या हातात ठेवला. विका, ती म्हणाली, आणि आधी पोरीच्या लग्नाला वापरा, मग बाकीच्यांचं बघू. मला वाटलं, आता ही बाई आत्याला मिठी मारेल. तिने हार पदरात बांधला आणि सगळ्या मिळून मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या सराफाकडे गेल्या. आत्या आणि मीही गेलो.

त्याने हार हातात तोलला आणि भुवई उचलली. कसोटीवर घासला. मग आकड्याच्या कडेला कानस फिरवली, खोलवर, आणि हार भिंगासकट आमच्याकडे सरकवला. सोन्याच्या पाण्याखाली पांढरं दिसत होतं. चांदी होती.

आत्या पुढे वाकून बघत राहिली, जणू अजून घासलं तर आत पिवळं लागेल. तेव्हा तिची मैत्रीण वळली.

"खरा कुठे ठेवलास?"

आत्याला प्रश्नच कळला नाही. हाच तो, ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, हाच तो. पण तोवर त्या दुकानातून बाहेर पडून आत्याच्या घराकडे निघाल्या होत्या. त्यांनी आत्याचं कपाट उघडलं. साड्यांच्या घड्या सोडल्या, गादी उलटली, तांदळाच्या डब्यात हात घातले, देव खाली ठेवून देवघराचा खण काढला. चांदीची नाणी सापडली तेव्हा एक जण म्हणाली, हे बघा हिचं कमिशन. मी पोलिसांना फोन लावायला निघाले तर आत्याने माझा हात धरला. तिच्या पोरीचं लग्न आहे गं, ती म्हणाली. मग मैत्रिणीने आत्याच्या हातातल्या, माझ्या आजीच्या दोन पाटल्या मागितल्या, हिशोब होईपर्यंत. पाटल्या निघेनात. आत्या स्वतः उठली, मोरीत जाऊन हाताला साबण लावला आणि काढून दिल्या.

लग्न झालं. आम्हाला आमंत्रण नव्हतं. पोरीने हातात पाटल्या घातल्या होत्या, हे आत्याला फोटो पाहून दुसऱ्याच कुणी सांगितलं, सांगायची गरज नसताना.

तक्रारी झाल्या, प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं. काही जणींनी जबाबात आत्याचं नाव एजंट म्हणून दिलं. तिला पुन्हा पुन्हा बोलावलं, बाकावर बसवून ठेवलं. एका अधिकाऱ्याने विचारलं, किती टक्के मिळायचे? तिने नाणी दाखवली. तो हसला आणि नाणी जमा करून घेतली. तिचेही पैसे बुडाले होते म्हणून शेवटी तिला आरोपी न करता साक्षीदार केलं. दुकानदाराचे दोन फ्लॅट आणि गाळा जप्त झाला आहे, लिलाव व्हायचा आहे. तो झाला तरी वाटून काय हातात पडेल, ते कुणी सांगत नाही.

काही महिन्यांनी तो पकडला गेला. कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये तो आम्हाला दिसला, दोन शिपायांच्या मधे, शर्टाला इस्त्री केलेली. त्याने हात जोडले आणि सांगितलं की बायकांना तक्रार मागे घ्यायला लावा ताई, तुमचं ऐकतात; मी बाहेर आलो तरच पैसे फिरवता येतील.

आत्याने त्याला एकच विचारलं. "गळ्यात घातलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"ताई, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घातला असता तर लोकांनी तपासला असता," तो म्हणाला. हे तो कौतुकाने म्हणाला.

त्यानंतर आत्याने खाली उतरणं जवळजवळ बंदच केलं. गुडघे दुखतात, असं सगळ्यांना सांगते. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नाही. दवाखान्यात जाता-येता जिन्यात मैत्रीण भेटली तर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते, आत्या पुढे जाईपर्यंत. पाटल्या परत आल्या नाहीत आणि आत्याने मागितल्या नाहीत.

मागच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरची सून हळूच वर आली. त्या झडतीच्या दिवशी तांदळाच्या डब्यात हात घालणारी हीच. हायवेजवळ नवं दुकान झालंय, म्हणाली, तिथल्या सोन्याच्या भिशीत बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणी लागल्यात. तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते. मला तिला हाकलून द्यावंसं वाटत होतं. आत्याने तिला बसवलं. अकरा महिन्यांच्या वरची असेल तर लागू नकोस, म्हणाली. रोख देऊ नकोस, खात्यातून दे आणि छापील पावती घे. मुदत भरली की त्याच आठवड्यात दागिना उचल. पुढच्या स्कीममध्ये वळव म्हणाला की समज. दागिन्याचा नंबर दुकानातच उभं राहून तपास. आणि एखाद्या म्हातारीचा फोटो दाखवला तर तिच्याकडे जाऊन बघ.

सुनेने सगळं नीट ऐकून घेतलं. उठताना तिने दाराबाहेर डोकावून जिना बघितला.

"मी वर आले होते, कुणाला सांगू नका हं," ती म्हणाली.

आत्या म्हणाली, नाही सांगत. आणि दार लावून घेतलं.