नाकाबंदी

ही बाई मला कधी आवडली नाही, आजही आवडत नाही. तिच्याबद्दल चार चांगले शब्द ऐकायला कुणी बसलं असेल तर त्याने खुशाल उठावं. मी सांगणार आहे ते फक्त झालं तसं.

आमच्या हॉटेलात ती बावीस वर्षं फोनच्या बोर्डावर होती. काउंटरच्या मागे कपाटाएवढी एक खोली, त्यात एक टेबल, एक बोर्ड आणि ही. मी काउंटरवर रात्रपाळीचा क्लार्क. अकरा वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून बसलो, मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. एवढ्या वर्षांत तिने मला चहा विचारला असेल तर शपथ.

सगळे तिला नाकाबंदी म्हणायचे. बाहेरून फोन आला, अमुक खोली द्या म्हणाला, की हिचा ठरलेला प्रश्न, पाहुण्यांचं आडनाव सांगा. सांगितलं तर जोडायची. नाही सांगितलं तर नाही, मग समोर कुणी का असेना. एकदा मालकांच्या मेव्हण्याला तिने पाच मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. त्याने तमाशा केला, ही ढिम्म.

माझा राग मात्र त्याआधीचा. माझी मुलगी तापाने फणफणली होती, बायकोने घाबरून हॉटेलात फोन केला आणि म्हणाली, माझ्या मिस्टरांना द्या. हिने विचारलं, कोण मिस्टर? बायको रडायला लागली तरी हिचं तेच, नाव सांगा. मी प्लायवूडच्या अलीकडे हातभर अंतरावर बसलो होतो! घरी गेल्यावर बायकोने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी हिला जाब विचारला तर म्हणाली, रडणारा माणूस खरंच बोलतो असं कुठे लिहिलंय? तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलायचो, आणि तेही तोंड वाकडं करून.

त्यामुळे नवा मॅनेजर आला आणि त्याने तिला बोर्डावरून उठवलं, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या हे कबूल करतो. मॅनेजरचं म्हणणं, फोन करणाऱ्याची उलटतपासणी घेणारं हॉटेल कुणाला आवडेल? तीन रिंगच्या आत उचला, गोड बोला आणि जोडून द्या. तक्रारींची फाइल त्याने मागितली. त्यातल्या निम्म्या तक्रारी माझ्या अक्षरातल्या होत्या. बाईंना तिसऱ्या मजल्यावर चादरी-टॉवेलच्या खोलीत टाकलं, बोर्ड माझ्या काउंटरवर आला. जाताना ती एवढंच म्हणाली, की खोलीचा नंबर कुणालाही सुचतो, आडनाव सुचत नाही. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचा.

पुढे तीन आठवडे मी गोड बोललो. आणि मग ती रात्र आली.

रात्रीचा एक वाजून गेला असेल. फोन वाजला. पुरुषाचा आवाज, अगदी नम्र, इतक्या उशिरा त्रास देतोय म्हणून आधी माफीच मागितली त्याने. तीनशे सात देता का म्हणाला. मी दिली. कोण, कुठला, कुणाकडे काम, एक अक्षर विचारलं नाही. उलट शुभ रात्री म्हणालो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला पक्की ठाऊक होती आणि त्या वेळी सोयीस्करपणे डोक्यात आली नाही. बाहेरचा फोन आमच्या बोर्डावरून खोलीत जोडला, की खोलीतल्या फोनच्या छोट्या पडद्यावर बाहेरचा नंबर दिसत नाही. तिथे रिसेप्शन असंच येतं.

तीनशे सातमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका उतरल्या होत्या. ताठ मान, इस्त्रीची साडी, रजिस्टरवर सही करतानाच माझ्या अक्षराला नावं ठेवून झाली होती. त्यांनी जादा पांघरूण मागवलं होतं आणि दाराची कडी काढून ठेवली होती. फोन वाजला, पडद्यावर रिसेप्शन, आणि आवाज म्हणाला, मॅडम, तुमचं कार्ड मशीनने घेतलं नाही, बिलाचं अडलंय. खाली काउंटरवर आलात तरी चालेल, पण या वेळी कशाला जिना उतरता, मागचेपुढचे आकडे वाचून दाखवा, दोन मिनिटांचं काम. मॅडमनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. कार्डाचा लांबलचक नंबर झाला. मुदतीची तारीख झाली. मग कार्ड उलटं केलं.

तेवढ्यात पांघरूण घेऊन नाकाबंदी दारात. मागच्या तीन आकड्यांपैकी दोन वाचून झालेले तिने ऐकले. आमच्याकडे पाहुणा आला की कार्ड तेव्हाच मशीनमध्ये घालून घेतात, फोनवर आकडे कुणी कधी विचारत नाही, हे तिला बावीस वर्षं माहीत. दुसरं कुणी असतं तर, मॅडम, जरा थांबता का, म्हणालं असतं. हिने पांघरूण टाकलं, पुढे झाली आणि फोनची वायर भिंतीतून उपटली.

पाचव्या मिनिटाला दोघी माझ्यासमोर काउंटरवर. मॅडम संतापल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्याच रिसेप्शनचा फोन होता, मी डोळ्यांनी वाचलं, आणि ही बाई खोलीत घुसून माझ्या अंगावर आली. चाळीस वर्षं शाळा चालवली मी, माझ्याशी असं कुणी वागलं नव्हतं. बाई मध्येच म्हणाल्या, कार्ड आधी बंद करा, मग मला काय बोलायचं ते बोला. मॅडम म्हणाल्या, तुम्ही मला शिकवू नका.

आणि मी? मला त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. पण ते सांगायचं कसं, फोन मीच जोडला होता.

मॅडमनी मॅनेजरलाच फोन लावायला लावला. त्याला झोपेतून उठवलं, त्याने अर्धंच ऐकलं आणि मला सांगितलं की तक्रार लिहून घे, बाईची सही घे, आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांग. मी कागद पुढे ओढला. बाईंच्या निवृत्तीला चार वर्षं होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात कमावणारी ती एकटी, हे मला माहीत होतं. भिंत प्लायवूडची होती, औषधाच्या दुकानाशी तिची हुज्जत रोज ऐकू यायची.

मी लिहायला लागलो. मॅडम एकेक वाक्य सांगत होत्या आणि माझी ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढत होत्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू केला होतास का रे यांना फोन?"

मी म्हटलं, "नाही."

"मग पडद्यावर रिसेप्शन कसं आलं?"

मी मान खाली घालून लिहीत राहिलो. त्या कागदावर मी पुढची ओळ काय लिहिली हे मला आठवत नाही. लाज मात्र आठवते.

आणि बोर्ड वाजला. मी उचलला. तोच आवाज, तितकाच नम्र. म्हणाला, लाइन कट झाली हो. मला एवढंच करायचं होतं, राँग नंबर म्हणून खाली ठेवायचं. कुणाला काही कळलं नसतं. कागद तयार होता, बाई घरी गेल्या असत्या, आणि खरं सांगायचं तर त्या गेल्याचं मला दुःख झालं नसतं. पण ती तिथे उभी होती, हात पोटाशी बांधून, माझ्याकडे बघत. त्या बघण्यात दया नव्हती, विनवणी तर नव्हतीच. जणू तिला माहीतच होतं, मी काय लायकीचा माणूस आहे ते. त्याचाच मला भयंकर राग आला. मी स्पीकरचं बटण दाबलं.

"काय म्हणालात? परत सांगा."

"मघाशी तुम्ही तीनशे सात जोडून दिलंत ना, ते परत द्या."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. रिसेप्शनवरून बोलतोय म्हणणारा माणूस रिसेप्शनलाच खोली मागत होता.

मी विचारलं, "पाहुण्यांचं आडनाव?"

तो म्हणाला, त्या मॅडम आहेत ना, त्याच. मी पुन्हा आडनाव विचारलं. फोन कट झाला.

बाईंनी काउंटरवरचा फोन मॅडमकडे सरकवला आणि कार्डाच्या पाठीवर छापलेल्या नंबरवरच लावा म्हणून सांगितलं, दुसऱ्या कुठल्याही नाही. बँकेच्या माणसाने कार्ड बंद केलं. तेवढ्या वेळात कुणीतरी दोनदा ते चालवून पाहिलं होतं, दोन्ही वेळा मागचा एक आकडा चुकला होता. तिसऱ्यांदा चुकला नसता कदाचित.

मॅडमनी बाईंची माफी मागितली असेल असं वाटत असेल तर विसरा. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, म्हणजे तुम्ही दिलात तो फोन, आणि आता त्यांच्यावर लिहीत होतात? मग माझ्यासमोरचा कागद उचलून त्यांनी टराटरा फाडला आणि दुसरा मागितला. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, माझ्याबद्दल. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलं नव्हतं. बाई त्याआधीच पांघरूण घ्यायला वर निघून गेल्या होत्या. माझे आभार नाहीत, काही नाहीत. ते कशाबद्दल मानायचे म्हणा!

मॅनेजरने मला पंधरा दिवस घरी बसवलं. काउंटरवर नवी सूचना लागली, आडनाव विचारल्याशिवाय खोली जोडू नये, खाली सही त्याची, जणू ही अक्कल त्याच्याच डोक्यातून निघाली. बाई परत बोर्डावर.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मी हॉटेलात फोन केला. उद्यापासून यायचं की नाही हे मॅनेजरलाच विचारायचं होतं, आणि बायको समोरच बसली होती, उत्तराची वाट बघत. दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला. मी म्हटलं, बाई, मी बोलतोय, जरा साहेबांना द्या.

"मी म्हणजे कोण?"

अकरा वर्षं! माझी शिंकसुद्धा ओळखते ही बाई. मी म्हटलं, अहो, मी. आवाज ओळखता ना?

"आवाज कुणाचाही असतो," ती म्हणाली. "आडनाव सांगा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला आणि आडनाव सांगितलं. मग तिने फोन जोडला.