दोन छेद तेरा

जालना नुकताच जिल्हा झाला होता आणि मी नुकताच गावात नाव असलेला मास्तर झालो होतो. ज्युनिअर कॉलेजात बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचो. गणितं सरांकडूनच घ्यावीत, असं पोरं एकमेकांना सांगायची आणि ते माझ्या कानावर येईल अशा बेतानं सांगायची. मी तेव्हा फार चढून गेलो होतो. आज हे लिहिताना कुठेही स्वतःला सूट द्यायची नाही, असं ठरवून बसलोय.

माझी एक वही होती. स्वतः शिकत असताना उतरवून घेतलेली, आणि पुढं आठ-नऊ वर्षं तिच्यातूनच फळ्यावर उतरत आलेली. त्यात वायूच्या चक्राचं एक गणित होतं. आडव्या रेघेवर आकारमान, उभ्या रेघेवर दाब, आणि मधे एक चौकोन. वायू हेलियमसारखा, एकाणू. डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघायचं. आकारमान तेवढंच ठेवून दाब दुप्पट, मग दाब तेवढाच ठेवून आकारमान दुप्पट, मग तसंच उलट उतरत पहिल्या जागी. इंजिनानं निव्वळ काम किती केलं आणि त्याची कार्यक्षमता किती, एवढंच काढायचं.

काम सोपं. चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे काम. सुरुवातीच्या दाबाचा आणि आकारमानाचा गुणाकार एक वाटा धरला, तर काम एक वाटा. कार्यक्षमतेसाठी या कामाला आत घेतलेल्या उष्णतेनं भागायचं. वरच्या आडव्या बाजूवर वायू पाच वाटे उष्णता घेतो. एक छेद पाच, म्हणजे वीस टक्के. उभ्या बाजूंवर वायू फुगत नाही, काम शून्य, म्हणून तिथं उष्णताही शून्य, असं माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मी ते दरसाल तोंडपाठ सांगत होतो.

त्या वर्षी दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. बदनापूरहून रेल्वेनं यायची. तिच्या वडिलांचं तिथं स्टेशनाजवळ ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. तिला औरंगाबादला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि ते साऱ्या वर्गाला ठाऊक होतं, कारण तेव्हा मुलींनी असं म्हणायची पद्धत नव्हती. मी वीस टक्क्यांखाली दोन रेघा ओढल्या आणि ती उभी राहिली.

"सर, डाव्या बाजूला व्हॉल्यूम वाढलं न्हाई, मंग प्रेशर कशानं वाढलं?"

"तापमान वाढलं म्हणून."

"मंग तापवायला उष्णता लागली आसंल ना, सर? ती आपण धरलीच न्हाई. माझं दोन छेद तेरा येऊन राह्यलं."

भर वर्गात विचारलं म्हणून मला राग आला. मी म्हणालो, "बापाच्या दुकानातलं इंजिन वेगळं आणि पुस्तकातलं वेगळं. इथं पाने-पकडी घेऊन बसायचं नसतं." पोरं खदखदून हसली. मग मी तिला फळ्याशी बोलावलं, खडू दिला आणि माझं उत्तर तिच्या हातानं लिहायला लावलं. तिनं लिहिलं, नीट सुवाच्य अक्षरात, आणि जागेवर जाऊन बसली.

रविवारी दुपारी मी ते गणित पुन्हा मांडलं. एका फेरीत घेतलेल्या उष्णतेतून सोडलेली वजा केली की काम उरलं पाहिजे, कारण वायू पुन्हा होता तिथंच आलेला असतो. माझ्या हिशेबात घेतली पाच, खालच्या बाजूवर सोडली अडीच, उरली अडीच. काम तर एक. जुळेना. मग तिचं करून पाहिलं. डाव्या उभ्या बाजूवर दीड वाटा घेतला, वर पाच, एकूण साडेसहा. उजवीकडे उतरताना तीन सोडले, खाली अडीच, एकूण साडेपाच. बाकी एक. चोख. एक भागिले साडेसहा, म्हणजे दोन छेद तेरा, पंधरा टक्क्यांच्या किंचित वर. नऊ वर्षांत ही साधी पडताळणी मी एकदाही केली नव्हती.

सोमवारी वर्गात सांगायचं ठरवून गेलो. ती दुसऱ्या बाकावर होती. मी हजेरी घेतली आणि पुढचा धडा सुरू केला. उजळणीत सांगू, असं मनाला समजावलं. उजळणीत ते पान उलटलं आणि म्हणालो, असली गणितं बोर्डात येत नाहीत. एकदा जालन्याच्या स्टेशनवर ती गाडीची वाट पाहत एकटीच उभी होती. तिथं दोन वाक्यांत काम झालं असतं. मी अभ्यास कसा चाललाय विचारलं, गाडीला उशीर आहे का विचारलं, आणि तिथून सटकलो. मला माफी मागायची लाज वाटत होती. चुकीचं शिकवल्याची तेव्हा तेवढी वाटत नव्हती, हेच मला आता सहन होत नाही.

बोर्डाच्या पेपरात तोच चौकोन आला. आकडे वेगळे, वायू तोच एकाणू, दाब दुप्पट, आकारमान दुप्पट. मी केंद्राबाहेर उभा होतो. ती लांबून मला बघून जवळजवळ पळतच आली.

"सर, तुमचं गणित आल्तं. माझं आधी दोन छेद तेराच आलं. मंग तुमचं आठवलं, म्हणून खोडलं आन् वीस टक्के लिहिलं. बरं झालं तुम्ही त्या दिवशी फळ्यावर लिहायला लावलं."

मी म्हणालो, "बरं केलंस."

तिचा इंजिनिअरिंगचा प्रवेश दोन गुणांनी हुकला. कार्यक्षमतेचा तो तुकडा दोन गुणांचाच होता. निकालानंतर आठवड्याभरात ती वडिलांना घेऊन माझ्या घरी आली. वडील दाराशीच चपला काढून, सतरंजीच्या कडेला टेकले. नखांत ऑइल मुरलेलं होतं.

"सर, पोरगी म्हणती फिजिक्सचा पेपर बराबर गेल्ता. मंग गुण कुठं गेले? तपासणाऱ्याची काही गडबड झाली आसंल का? गुणपडताळणीचा अर्ज टाकावा म्हणतो. तुम्ही म्हणसाल तसं."

गुणपडताळणीत बेरीज बघतात, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का बघतात. खोडलेलं बरोबर उत्तर कुणी बघत नाही. गुण कुठं गेले ते अख्ख्या जिल्ह्यात मला एकट्याला ठाऊक होतं. ती माझ्याकडं बघत होती, नेहमीसारखीच, विश्वासानं.

"टाका की," मी म्हणालो. "प्रयत्न करायला काय हरकत आहे."

अर्जाची भाषा जमत नाही म्हणाले, म्हणून मीच लिहायला घेतला. बैठकीत, त्यांच्यासमोर, माझ्या चांगल्या अक्षरात. 'सदर विषयातील माझी सर्व उत्तरे बरोबर असल्याची मला खात्री आहे,' असं शेवटचं वाक्य लिहिलं आणि कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं तो न वाचताच खाली सही केली.